उदबत्तीच्या आधी साखर

सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा कसा करायचा असं नेटवर शोधलं की रेसिपी ढीगभर मिळतात, पण त्या पूजेच्या चालीशी कशा जुळवायच्या हे कुणी सांगत नाही. आणि खरी गोची तिथंच असते. हॉलमध्ये गुरुजी एका वेगानं पुढं चाललेले असतात, आत गॅसवर रवा त्याच्या वेगानं भाजत असतो, आणि गुरुजींनी "नैवेद्य आणा" म्हणून हाक मारली की त्या क्षणी तुळशीचं पान ठेवलेला, वाफ निघणारा शिरा बाहेर जायला लागतो. पाच मिनिटं लवकर झाला तर चालतं, पाच मिनिटं उशीर झाला तर यजमान, गुरुजी, पाहुणे आणि प्रत्यक्ष नारायण असे सगळे स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत बसतात.

आमच्या घरात श्रावणात दरवर्षी पूजा असते. पूजेला बसतात थोरले दीर आणि जाऊबाई, त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, आणि शिरा माझ्याकडं. त्यामुळं मी ही पूजा बघितली कमी आणि आतनं ऐकली जास्त. पण ऐकून ऐकून तिचा क्रम असा डोक्यात बसलाय की आता घड्याळ बघावं लागत नाही.

आदल्या दिवशीची खरेदी पटकन सांगते, कारण त्यात फार काही नाही. कोल्हापुरात महाद्वार रोडला पूजेचं साहित्य आणि मंडईतनं केळीचे खुंट, आंब्याचे डहाळे, विड्याची पानं, तुळस. खुंट घेताना चारही एका उंचीचे बघून घ्यायचे नाहीतर चौरंग एका बाजूला कलल्यासारखा दिसतो आणि फोटोत ते आयुष्यभर राहतं. सकाळी चौरंगाच्या चार पायांना खुंट बांधायचे, वर वस्त्र घालून तांदळाची रास, राशीवर तांब्याचा कलश, कलशात पाणी, सुपारी, नाणं, गंध, फूल, दूर्वा, तोंडाशी आंब्याची पानं, आणि कलशावर तांदूळ भरलेलं ताम्हण. त्या ताम्हणात बाळकृष्ण बसतो, काही घरांत शाळिग्राम. नवग्रहांच्या सुपाऱ्या मांडायच्या आणि गणपतीची सुपारी वेगळी, पुढं, कारण त्याची पूजा आधी.

आता क्रम. सुरुवातीला देवापुढं विडा ठेवून घरातल्या मोठ्यांना नमस्कार, मग आचमन, मग देवांची नावं, मग संकल्प. संकल्पात गुरुजी आपला पत्ताच सांगतात देवाला, जंबुद्वीप, भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीच्या दक्षिण तीरावर, मग शके, संवत्सर, अयन, ऋतू, महिना, तिथी, वार, शेवटी गोत्र आणि नाव. मला हा भाग फार आवडतो. अख्ख्या विश्वापासनं सुरू करून आमच्या शिवाजी पेठेतल्या दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरत येतात. त्यानंतर गणपतीपूजन, मग कलश, शंख, घंटा, दीप यांची पूजा, मग वरुण आणि नवग्रह वगैरे देवतांना बोलावणं. इथपर्यंत स्वयंपाकघरात गॅस पेटवायची काही गरज नाही. नवग्रह चालू असतील तर रवा चाळून ठेवा, वेलची कुटा, केळी मात्र कापू नका, काळी पडतात.

मग मुख्य देवाची पूजा सुरू होते, म्हणजे षोडशोपचार, सोळा उपचार. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन हे पाच भराभर होतात, पळीभर पाणी आणि फूल-अक्षता एवढंच काम. सहावं स्नान. तिथं पूजा रेंगाळते, कारण आधी पंचामृताचं स्नान, दूध, दही, तूप, मध, साखर असं एकेक करून, प्रत्येकानंतर साधं पाणी, आणि मग अभिषेक. माझं तूप कढईत पडतं ते "पयः स्नानं" कानावर आलं की. सातवं वस्त्र, आठवं जानवं, नववं गंध, दहावं फुलं. ह्या फुलांपाशीच अंगपूजा आणि नामावली येते, एकेका नावाला एकेक तुळशीचं पान. अकरावा धूप, बारावा दीप, आणि तेराव्याला नैवेद्य. म्हणजे सहाव्यापासनं तेराव्यापर्यंतची जी जागा आहे ती शिऱ्याची, आणि ती जागा रबरासारखी ताणली जाते, कधी वीस मिनिटं तर कधी तासभर.

का ताणली जाते हे कळलं की अर्धं टेन्शन जातं. एक तर तुळशी. 108 नावं असतील तर काही नाही, पण घरातल्या कुणी हौसेनं "सहस्र तुळशी वाहूया की" म्हटलं तर हजार नावांना अर्धा तास सहज धरायचा. दुसरं म्हणजे गुरुजी कुठले मंत्र म्हणतात ते. पुरुषसूक्ताच्या 16 ऋचा आहेत आणि सोळा उपचारांना एकेक अशी त्यांची वाटणी आहे, शिवाय त्याच उपचाराला पुराणोक्त श्लोकही असतो. काही गुरुजी दोन्ही म्हणतात, काही एकच. (वेदोक्त-पुराणोक्त हे शब्द कोल्हापुरात नुसते पूजेपुरते राहत नाहीत हे खरंय, 1899 साली पंचगंगेवर स्नानाच्या वेळी राजर्षी शाहू महाराजांसाठी पुराणोक्त मंत्र म्हटले जातायत हे लक्षात आलं आणि त्यातनं जे पेटलं ते अजून इथल्या माणसांना तोंडपाठ आहे. पण आज माझं काम शिऱ्यापुरतं.) म्हणून गुरुजी आले, पाय धुतले, चहा झाला की मी दोनच प्रश्न विचारते, तुळशी किती आणि कथा पूर्ण का. बाकी त्यांचं ते बघतात.

बरं आता प्रमाण. ते कुणा आजीनं ठरवलेलं नाही, कथेच्या पहिल्या अध्यायातच आहे. नारद पृथ्वीवर फिरून लोकांचे हाल बघून विष्णूकडं जातो आणि सोपा उपाय विचारतो, तेव्हा देव व्रत सांगता सांगता चक्क साहित्याची यादी देतो: "रंभाफलं घृतं क्षीरं गोधूमस्य च चूर्णकम्", म्हणजे केळी, तूप, दूध, गव्हाचं चूर्ण. गहू नसेल तर तांदळाचं पीठ, आणि साखर किंवा गूळ. सगळं सव्वा मापानं घ्या, एकत्र करा आणि अर्पण करा. झालं. भाजा, शिजवा, वाफ आणा यातलं एक अक्षर नाही त्यात. बंगालमध्ये, जिथं सत्यनारायण आणि सत्यपीर यांच्या कथा शेजारी शेजारी वाढल्या, तिथं अजून प्रसाद न शिजवता करतात, पीठ, दूध, केळी, गूळ नाहीतर साखर हातानं कालवायचं, त्याला शिन्नी म्हणतात. उत्तरेकडं पीठ भाजून पंजिरी. आपल्याकडं रवा आणि शिरा. निपाणीच्या खाली उतरलं की कर्नाटकात ह्याच प्रसादाला सपाद म्हणतात, आमच्या चुलतसासूबाई तिकडच्या, त्या अजून "सपाद झाला का गं" असंच विचारतात. यादी तीच, पण प्रत्येक मुलखानं त्याचं आपापल्या चुलीवर आपल्याला जमेल तसं केलंय.

सव्वा कशाचा हे मात्र तुमच्या हातात आहे. सव्वा वाटी, सव्वा पाव, सव्वा शेर, सव्वा किलो, काहीही. इथं लोक हमखास गडबडतात, सव्वा म्हणजे सव्वा किलोच असं धरतात आणि वीस माणसांच्या पूजेला शंभर माणसांचा शिरा करून बसतात. हिशोब असा. सव्वा पाव म्हणजे साधारण 310 ग्रॅम. 310 ग्रॅम रवा, तेवढीच साखर, तेवढंच तूप, तीन-चार मध्यम केळी, आणि दूध-पाणी मिळून पाऊण लिटरच्या जरा वर. शिजून, वाफ जाऊन पावणेदोन किलोच्या आसपास भरतो. द्रोणात घसघशीत 50 ग्रॅम घातला तरी पस्तीस द्रोण होतात. घरची माणसं, वरच्या-खालच्या मजल्यावरचे आणि ऐनवेळी टपकणारे दीरांचे मित्र धरून एवढा पुरतो. सव्वा किलोचा केला तर ह्याच्या चौपट, म्हणजे 140 द्रोण, तो कॉलनीच्या किंवा मंडळाच्या पूजेला.

दुधाचं माप बघून नवीन माणूस अडखळतो. सगळं सव्वा, मग दूधही सव्वाच ना? एवढ्याशा दुधात रवा शिजत नाही हो. रव्याला त्याच्या अडीच पट तरी ओलावा लागतो. आमच्याकडं काय करतात, सव्वा माप दूध घेतात म्हणजे देवाचं माप पाळलं जातं, आणि बाकीची भर पाण्यानं करतात. नुसत्या दुधातला शिरा तोंडाला चिकटतो आणि श्रावणाच्या दमट हवेत लवकर आंबतो, तेव्हा पाणी घातलं तर बिघडत नाही, उलट बरंच. तुपात मात्र काटकसर करू नका, आणि प्रसादाला वनस्पती तूप वापरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्याकडचा शिरा टाळूला चिकटतो एवढं नोंदवून ठेवते.

रवा जाडसर घ्यायचा. बारीक रव्याचा लगदा होतो. तूप वितळलं की रवा टाकून मंद आचेवर, आणि इथं फोन बाजूला, कारण 310 ग्रॅम रव्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि त्यातली शेवटची तीन मिनिटं सगळं ठरवतात. प्रसाद असल्यामुळं चाखता येत नाही ही खरी परीक्षा. म्हणून बाकीची इंद्रियं कामाला लावायची. सुरुवातीला रवा ओल्या वाळूगत उलथन्याला जड लागतो, मग हळूहळू हलका होतो, सरसर आवाज करायला लागतो, कडेनं तूप परत सुटून दिसायला लागतं, रंग पांढऱ्यावरनं फिक्कट गुलाबी-तपकिरी होतो आणि खमंग वास हॉलपर्यंत जातो. तो वास बाहेर गेला की अक्का पूजेतनं मान वळवून एकदा आत बघतात, ते माझं सर्टिफिकेट. कच्चा राहिलेला रवा दूध पडल्यावर पिठूळ वास मारतो आणि मग कितीही केशर-वेलची टाका, तो लपत नाही.

केळी आता कापायची. पातळ चकत्या करून भाजत आलेल्या रव्यातच टाकायच्या आणि दोन मिनिटं तुपात परतायच्या, कडा सोनेरी होतात आणि केळ्याचा तो विशिष्ट प्रसादाचा वास सुटतो. पिकलेली, सालीवर बारीक ठिपके आलेली केळी पाहिजेत, काळपट झालेली नकोत. काही जण शेवटी शिऱ्यात कुस्करून घालतात, चव बरी येते पण शिरा चिकट होतो आणि संध्याकाळपर्यंत काळा पडतो.

दुसऱ्या शेगडीवर दूध-पाणी उकळत ठेवलेलं असतं. ते कडकडीत गरमच ओतायचं, थंड दूध पडलं की गुठळ्या. ओतताना जरा लांब उभं राहायचं, रवा उसळतो, चटका बसतो. मग झाकण. चार-पाच मिनिटं दणदणीत वाफ. आणि इथं सगळ्यात मोठा नियम: साखर नंतर, दाणा पूर्ण फुलल्यावरच. साखर लवकर पडली की ती पाणी स्वतःकडं ओढते आणि रव्याचा दाणा आत टणकच राहतो, वरनं शिरा झालेला दिसतो, खाताना कचकच लागतो. चाखायचं नाही, मग फुललाय कसं कळणार, तर एक दाणा बोटांच्या चिमटीत दाबायचा. मऊ होऊन पसरला तर झालं, मधे कणी लागली तर अजून वाफ. साखर पडली की शिरा एकदम सैल होतो, घाबरायचं नाही, आणखी पाचेक मिनिटांत आवळतो. मग केशर, वेलची, बेदाणे.

आता हे सगळं बाहेरच्या क्रमाशी जोडा. पंचामृताला तूप. अभिषेक आणि वस्त्र-जानव्यापर्यंत भाजणं. गंध झालं, नामावली सुरू झाली की केळी आणि दूध. धूप आणि दीप हे दोन उपचार मिळून दोन-तीन मिनिटांत उरकतात, त्यामुळं उदबत्तीचा वास आला आणि तुमची साखर अजून डब्यातच आहे तर मेलात. उदबत्तीच्या आधी साखर पडलीच पाहिजे. सहस्र तुळशी असतील तर भाजून झाल्यावर गॅस बंद करून थांबायचं, भाजलेला रवा थांबतो, शिजलेला थांबत नाही.

एकदा श्रावणातल्या रविवारी गुरुजींना त्या दिवशी लागोपाठ पूजा होत्या आणि आमच्याकडं ते घाईघाईनं आले. कथेत तर व्रत संध्याकाळी, "निशामुखे", करायला सांगितलंय, पण श्रावणात गुरुजी मिळतील ती वेळ मुहूर्त. त्यांनी नामावली 108 चीसुद्धा आवरती घेतली. माझं दूध नुकतंच पडलेलं. घंटा वाजली आणि अक्का चौरंगापासनं बसल्या जागी ओरडल्या, "अगं ए, धुपाला आले की गुरुजी! काय करालीयास आत?" मी आतनं, "झालं, साखर टाकालो!" गुरुजी हसले आणि म्हणाले, वहिनी, सावकाश होऊ दे, देव कुठं पळालाय, आणि त्यांनी दीपाच्या श्लोकानंतर पुरुषसूक्तातली ऋचा संथ लावून म्हटली. अनुभवी माणूस. स्वयंपाकघर सांभाळून पूजा सांगणं हे पोथीत लिहिलेलं नसतं.

नैवेद्याला पाण्यानं चौकोनी मंडल करून त्यावर वाटी, शिऱ्यावर तुळशीचं पान, आणि "प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा" म्हणत देवाला घास. मग विडा, दक्षिणा, आणि आमच्याकडं यानंतर कथा. आरती, प्रदक्षिणा आणि मंत्रपुष्पांजली कथेनंतर. काही घरांत हा क्रम थोडा मागंपुढं असतो, त्यावरनं भांडण नको.

पाच अध्यायांची कथा मराठीतनं वाचली तर अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तेवढा वेळ शिरा नुसता बसून राहतो. रवा ओलावा पीतच असतो, तूप थिजायला लागतं. म्हणून नैवेद्याच्या वेळी शिरा हवा त्यापेक्षा जरा सैल ठेवायचा, भांडं झाकून गरम पाण्याच्या परातीत ठेवायचं, आणि पाचवा अध्याय सुरू झाला की जरासं गरम दूध शिंपडून एक वाफ. वाटताना मऊ, मोकळा.

आणि हा मधला वेळ मी बाहेर येऊन बसते, हातात फूल-अक्षता घेऊन. कथेची लोक टिंगल करतात, ऐकली असेल तुम्ही, की ह्या कथेत कथाच नाही, सगळे जण कथा ऐकतात, करतात, विसरतात, पण मूळ कथा कुठली ते कुणी सांगत नाही. टिंगल तशी बरोबर आहे. पण मी तिच्याकडं शिऱ्याच्या बाजूनं बघते, आणि तिथनं ती वेगळीच दिसते. जवळजवळ प्रत्येक वळणाला प्रसाद आहे.

दुसऱ्या अध्यायात काशीचा एक गरीब ब्राह्मण व्रत करतो, आणि डोक्यावर मोळी घेऊन फिरणारा लाकूडविक्या तहान लागली म्हणून त्याच्या दारात थांबतो. तिथं त्याला पूजा दिसते, पाणी मिळतं, प्रसाद मिळतो. दुसऱ्या दिवशी लाकडाला दुप्पट भाव येतो आणि तो त्या पैशातनं काय घेतो? पिकलेली केळी, साखर, तूप, दूध, गव्हाचं चूर्ण, सगळं सव्वा मापानं. पहिल्या अध्यायातली देवानं दिलेली यादी इथं एक मोळीवाला बाजारात जाऊन विकत घेतोय. मला हे वाक्य आलं की दरवेळी आपली कालची मंडईची पिशवी आठवते.

तिसऱ्यात उल्कामुख राजा आणि त्याचं बघून व्रत बोलणारा साधुवाणी. मूल होऊ दे, करतो. मुलगी झाली, कलावती. बायको लीलावती आठवण करते, तर म्हणतो तिच्या लग्नात करतो. लग्न होतं, तेव्हाही राहतं. मग जावयाला घेऊन व्यापाराला रत्नसारपुरात, तिथं चोरीचा खोटा आळ, तुरुंग, इकडं घरावर चोरी. उपाशी कलावती एका ब्राह्मणाच्या घरी जाते, कथा ऐकते, प्रसाद खाऊन रात्री उशिरा घरी येते, आणि तिच्यामुळं आई व्रत करते आणि चंद्रकेतू राजा स्वप्न पडून दोघांना सोडतो. लक्षात घ्या, बापाचं विसरलेलं व्रत घरात परत आणलं ते लेकीनं.

आणि चौथ्या अध्यायात शिक्षा कुणाला? परत येताना साधुवाणी दंडी संन्याशाला खोटं सांगतो की नावेत वेली-पानं आहेत, नावेत वेली-पानंच होतात, रडतो, माफी मागतो, धन परत मिळतं. ठीकाय. पण पुढं नाव गावाजवळ आल्याचा निरोप येतो तेव्हा लीलावती पूजेत असते. ती पूजा आटोपून मुलीला म्हणते मी पुढं जाते, तू लवकर ये. मुलगी व्रत पूर्ण करते आणि प्रसाद तसाच सोडून नवऱ्याला बघायला धावते. तेवढ्यानं नवऱ्यासकट नाव गायब. आकाशवाणी होते, घरी जा, प्रसाद खा, मग नवरा दिसेल. ती जाते, खाते, परत येते, नवरा उभा.

ह्या अध्यायाला अक्का दरवर्षी कुरकुरतात. "बिचारीचं काय चुकलं हो? बापानं दोनदा टांग मारली ती चालली, आणि हिनं घासभर शिरा न्हाई खाल्ला तर नवरा बुडवला." दीर म्हणतात, "अगं, कथा हाय ती." अक्का, "व्हय, तुमच्या बाजूची हाय." मला अक्कांचं पटतं. कितीतरी वर्षांनी नवरा तुरुंगातनं सुटून आलाय, आईनंच लवकर ये म्हणून सांगितलंय, कोण थांबेल द्रोण संपवायला? पण शिरा करणारी म्हणून दुसरंही दिसतं, ज्यानं कुणी ही कथा रचली त्याला पूजेपेक्षा वाटपाची काळजी जास्त होती. पूजा करून, प्रसाद न घेता निघून जाणारी माणसं त्यालाही माहीत असणार. आजही असतात, "गडबडीत आहे, नंतर येतो" म्हणत चप्पल घालणारी. आमच्या चुलतसासूबाई दाराशीच हातावर घास ठेवतात त्यांच्या आणि म्हणतात, नाव बुडंल बघ तुझी.

पाचव्यात ते आणखी उघड होतं. तुंगध्वज राजा शिकारीहून येताना वडाखाली गवळी पूजा करताना बघतो. गर्वानं जात नाही, नमस्कार करत नाही. तरी गवळी प्रसाद आणून त्याच्यासमोर ठेवतात आणि मागं जाऊन आपले खायला बसतात. राजा तो सोडून जातो. शंभर मुलगे, राज्य, सगळं जातं. मग तोच राजा परत त्या गवळ्यांकडं येतो, त्यांच्यात बसून पूजा करतो, प्रसाद खातो. मोळीवाला ब्राह्मणाच्या दारात खातो आणि राजा गवळ्यांच्या पंगतीत खातो, ह्या दोन टोकांच्या मधे अख्खी कथा बसलीय. गुरुजी यावर काही बोलत नाहीत, पुढच्या जन्मी कोण कोण झालं ते वाचतात, लाकूडविक्या गुहक झाला, उल्कामुख दशरथ झाला, तोवर मी उठून आत गेलेली असते, दूध शिंपडायला.

गुळाबद्दल सांगायचं राहिलं. श्लोकात साखर किंवा गूळ दोन्ही आहे, आणि गूळ तर आमचा, शाहूपुरीच्या गूळ मार्केटचा, 2014 पासून जीआय मानांकन मिळालेला. मग कोल्हापुरात सुद्धा प्रसादाला साखरच का? मला वाटतं कारण श्रद्धेचं नाही, दुधाचं आहे. गुळात आम्लपणा असतो, उकळत्या दुधात पडला की दूध फाटण्याची भीती, आणि देवाच्या नैवेद्याला फाटलेलं दूध म्हणजे घरात आठवडाभर चर्चा. सासऱ्यांना साखर बंद झाली त्या वर्षापासून आम्ही एक लहान भांडं गुळाचं वेगळं करतो. रवा तुपात तसाच भाजायचा, केळी तशीच, पण शिजवायचा पाण्यात. गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा, गुळात उसाची चिपाडं नाहीतर वाळू हमखास निघते, आणि रवा फुलल्यावर घालायचा. दूध सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून, शिरा जरा निवल्यावर, कोमट, चार चमचे. माप मोडतं का? मोडतं थोडं. रंग गडद येतो, चव मात्र साखरेच्या शिऱ्याला मागं टाकते असं माझं मत आहे, आणि सासऱ्यांसाठी म्हणून केलेलं ते भांडं सगळ्यात आधी संपतं, सासऱ्यांना चमचाभरही मिळत नाही. (साखर बंद म्हणजे गूळ चालतो असं नाही हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय, ते ऐकत नाहीत.)

उत्तरपूजा दुसऱ्या दिवशी सकाळी. अक्षता वाहून देवाला पुन्हा येण्यासाठी निरोप, कलशाचं पाणी घरभर शिंपडून उरलेलं झाडाला, ताम्हणातले तांदूळ भातात नाहीतर खिरीत, केळीचे खुंट गाईला. शिरा उरलाच तर रात्रीच फ्रीजमध्ये ठेवलेला बरा, दूध आणि केळं दोन्ही असल्यानं तो बाहेर सकाळपर्यंत टिकेलच असं नाही, आंबूस वास आणि वर पाणी सुटलं की समजायचं गेला. फ्रीजमधला दगडासारखा होतो, त्याला मायक्रोवेव्ह नको, कडा कडक होतात. जाड बुडाच्या कढईत चमचाभर तूप, शिरा फोडून, वरनं गरम दुधाचा हबका आणि झाकण ठेवून दोन मिनिटं. कालच्यापेक्षा जरा गोड लागतो, चहाबरोबर चालतो.